नाशिकचे सकाळी साडेसात, डेट्रॉइटचे आदल्या रात्रीचे दहा: शीटमध्ये तारखेसकट वेळ कशी बदलायची

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत प्लॅनिंगला आहे. डेट्रॉइटच्या ग्राहकाबरोबर दर मंगळवारी आपल्या सकाळी साडेसातला मीटिंग असते. शीटमध्ये 7:30 मधून 9:30 वजा केले की नुसते `########` येते. कोणी तरी MOD लावायला सांगितले, तेव्हा 22:00 आले. पण मी त्यांना "मंगळवार रात्री दहा" कळवले आणि मीटिंग चुकली. तारीख आपोआप कशी बदलेल? आणि काही जण फरक साडेनऊ तास सांगतात, काही साडेदहा. खरे काय?

उत्तर:

तुमचं गणित बरोबर आहे. चूक एवढीच की वजाबाकी करताना सेलमध्ये तारीखच नव्हती. तारीख नसलेल्या साडेसातमधून साडेनऊ तास मागे जायचं म्हटलं तर जायला जागाच नाही. म्हणून आधी सेलमध्ये नेमकं काय साठवलेलं असतं ते बघू. ते कळलं की बाकीचं सरळ आहे.

एक्सेलला घड्याळ कळत नाही, त्याला फक्त दिवस मोजता येतात. प्रत्येक तारीख म्हणजे एक पूर्णांक आणि वेळ म्हणजे त्या दिवसाचा अपूर्णांक. १० मार्च २०२६ ही तारीख आतमध्ये `46091` अशी असते. सकाळचे साडेसात म्हणजे चोवीस तासांपैकी साडेसात तास, म्हणजे 7.5/24, म्हणजे `0.3125`. त्यामुळे "१० मार्च, सकाळी साडेसात" हे सगळं मिळून `46091.3125` असा एकच आकडा होतो. खात्री करायची असेल तर त्या सेलचं फॉरमॅट General करून बघा, हाच आकडा दिसेल.

आता डेट्रॉइट. मार्चच्या त्या आठवड्यात डेट्रॉइट जागतिक प्रमाणवेळेच्या चार तास मागे आहे आणि आपण साडेपाच तास पुढे. फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे 9.5/24, सुमारे `0.395833` दिवस. तुम्ही केलंत ते `0.3125` वजा `0.395833`. उत्तर आलं उणे `0.083333`. एक्सेलच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे १९०० पासून मोजणाऱ्या पद्धतीत, उणे वेळ दाखवताच येत नाही, म्हणून ती `########` दिसली. तुम्ही कॉलम कितीही रुंद केला असता तरी ती गेली नसती.

तीच वजाबाकी तारखेसकट करा. `46091.3125` वजा `0.395833` म्हणजे `46090.916667`. पूर्णांक एकाने उतरला, म्हणजे तारीख ९ मार्च झाली. उरलेला अपूर्णांक `0.916667` गुणिले २४ म्हणजे बरोबर बावीस. सोमवार ९ मार्च, रात्री दहा. तारीख बदलायला वेगळं काहीच करावं लागलं नाही. हातच्याचा घेतलेला एक डावीकडच्या घरातून कमी होतो तसाच हा दिवस कमी झाला.

MOD नं काय केलं तेही यावरून कळेल. MOD(x,1) फक्त अपूर्णांक ठेवतो आणि पूर्णांक टाकून देतो. उणे `0.083333` चं त्यानं `0.916667` केलं, वेळ अगदी बरोबर. पण "आदला दिवस" ही माहिती पूर्णांकात होती आणि तीच फेकली गेली. कोणत्या वारी, हा प्रश्न जिथे आहे तिथे मी MOD वापरत नाही. कुठे कुठे असाही सल्ला मिळतो की सेटिंगमध्ये जाऊन १९०४ ची तारीखपद्धत निवडा, म्हणजे उणे वेळ दिसेल. ते करू नका. दिसेल ते `-2:00` असं, रात्रीचे दहा नव्हेत. शिवाय त्या फाइलमधल्या आधीच्या सगळ्या तारखा चार वर्षं आणि एक दिवस पुढे सरकतील.

सूत्र असं ठेवा. A2 मध्ये नाशिकची तारीख आणि वेळ एकत्र, B2 मध्ये डेट्रॉइटचा जागतिक वेळेपासूनचा फरक तासांत, म्हणजे `-4` किंवा `-5`. C2 मध्ये डेट्रॉइटची वेळ:

```
=A2+(B2-5.5)/24
```

"जिथे जायचं त्या ठिकाणचा फरक, वजा जिथून निघालो त्या ठिकाणचा फरक, भागिले चोवीस" एवढंच लक्षात ठेवा. C2 चं फॉरमॅट `ddd dd-mm-yyyy hh:mm` असं करा. नुसतं `hh:mm` ठेवलंत तर आतला आकडा बरोबर असूनही वार दिसणार नाही आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल.

फरक लिहिताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. मराठीत आपण वेळ टिंब देऊन लिहितो, "सकाळी ७.३०". त्याच सवयीनं शीटमध्ये 5.5 च्या जागी `5.30` लिहिलं जातं. 5.30 तास म्हणजे पाच तास अठरा मिनिटं. त्यामुळे उत्तर बारा मिनिटांनी चुकतं. अशी चूक ओळखायला सोपी आहे. कुठेही बारा मिनिटांचा घोळ दिसला तर आधी हा आकडा बघा. काठमांडूचा फरक पावणेसहा तासांचा, तो `5.75` ऐवजी `5.45` लिहिला तर अठरा मिनिटं चुकतात. तसंच हा अपूर्णांक हातानं लिहू नका. 5.5/24 कधीच संपत नाही, 0.2291666 असा चालत राहतो. कोणी त्याचं `0.23` केलं की एक मिनिट बारा सेकंद जास्त झाले. तास लिहा आणि भागाकार शीटला करू द्या.

जाता जाता, हा 5.5/24 आला कुठून तेही सांगतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली आहे, आणि ८२.५ भागिले ३६० केलं तरी तोच 0.2291666 येतो. पृथ्वीचा जेवढा भाग वळून व्हायचा तेवढाच दिवसाचा भाग. नाशिक त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला, सुमारे ७३.८ अंशांवर आहे, म्हणून गोदाकाठावर सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातले बारा वाजून गेल्यावर साधारण अर्ध्या तासानं. जागतिक वेळेपासूनच्या या फरकाला ऑफसेट म्हणतात. शब्द कोरडा वाटतो, पण तो सूर्याचाच हिशोब आहे, हे समजल्यापासून मला तरी अधिक-उण्याची चूक होत नाही. पूर्वेकडे आधी उजाडतं, म्हणून नाशिकहून पश्चिमेकडे जाताना वेळ कमीच व्हायला हवी. ती वाढलेली दिसली तर चिन्ह उलटं पडलं आहे, आणि तेव्हा चूक फरकाच्या दुप्पट, म्हणजे इथे एकोणीस तासांची असते.

आता साडेनऊ की साडेदहा. दोन्ही खरे, तारखेप्रमाणे. आपण वर्षभर साडेपाचवर असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २०२६ मध्ये हे दिवस ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. म्हणून मंगळवार ३ मार्चला आपले सकाळचे साडेसात म्हणजे डेट्रॉइटचे सोमवार रात्रीचे नऊ, आणि पुढच्याच मंगळवारी, १० मार्चला, सोमवार रात्रीचे दहा. मीटिंग तीच, आपलं घड्याळ तेच, पण त्यांच्यासाठी ती तासभर उशिरा गेली. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. म्हणजे तुमच्या मीटिंगला जर्मनीतलं कोणी असेल तर ८ ते २९ मार्च हे तीन आठवडे सगळ्यांत नाजूक. एरवी डेट्रॉइट आणि स्टुटगार्टमध्ये सहा तासांचा फरक असतो, या तीन आठवड्यांत पाचच. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही असंच.

म्हणून फरक हा शहराचा ठरावीक आकडा समजू नका, तो शहर आणि तारीख या दोघांचा मिळून असतो. एकाच सेलमध्ये -5 लिहून वर्षभर ओढला की मार्चनंतर तुम्ही तासभर चुकणारच. मी शीटच्या कोपऱ्यात एक छोटं कोष्टक ठेवतो, H मध्ये बदलाचा क्षण आणि I मध्ये तिथून पुढचा फरक:

```
H                    I
02-11-2025 11:30    -5
08-03-2026 12:30    -4
01-11-2026 11:30    -5
```

H मधला क्षण आपल्या वेळेत लिहिला आहे, कारण ज्याच्याशी तुलना करायची तो A2 आपल्या वेळेत आहे. डेट्रॉइटला ८ मार्चच्या पहाटे दोन वाजता काटा फिरतो, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा असतात. नोव्हेंबरात साडेअकरा, कारण तेव्हा फरक साडेनऊचा असतो. मग B2 मध्ये:

```
=LOOKUP(A2,$H$2:$H$4,$I$2:$I$4)
```

कोष्टकातल्या तारखा चढत्या क्रमानं हव्यात, नाहीतर LOOKUP काहीही देईल. कोष्टकाच्या आधीची तारीख टाकली तर `#N/A` येतो, आणि ते चांगलंच आहे. पण कोष्टकाच्या पुढची तारीख टाकली तर तो गुपचूप शेवटचा फरक वापरत राहतो. म्हणून मार्च २०२७ उजाडायच्या आत त्यात नवी ओळ घालायला विसरू नका.

डेट्रॉइटकडून आलेल्या मेलमध्ये एक गोष्ट बघा. तिकडचे लोक उन्हाळ्यातही सवयीनं वेळेपुढे EST, म्हणजे हिवाळ्यातली -5 ची वेळ, असं लिहितात, जरी तेव्हा त्यांच्याकडे EDT, म्हणजे उन्हाळ्यातली -4 ची वेळ, चालू असते. अक्षरं शब्दशः घेतलीत तर एक तास जास्त धराल. मी अशा वेळी "तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले असतील?" असं विचारून घेतो.

उलट्या दिशेनं येताना तारीख पुढे जाते, आणि तिथे गणितापेक्षा भाषा जास्त फसवते. समजा ग्राहक म्हणाला, मंगळवार १० मार्च, दुपारी तीन. `46091.625` अधिक `0.395833` म्हणजे `46092.020833`. पूर्णांक एकाने चढला, बुधवार ११ मार्च, रात्रीचे बारा वाजून तीस मिनिटं. शीट म्हणते "बुधवार ००:३०". आपण बोलताना याला काय म्हणतो? "मंगळवारी रात्री साडेबारा". आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाची असते. पंचांगाचा वारही सूर्योदयापासून धरतात. कारखान्यातही तेच. रात्रपाळी अकराला सुरू झाली की पहाटे दोनला निघालेला माल आदल्या तारखेच्या रजिस्टरला चढतो, आणि तिथे ते बरोबरच आहे.

याच गोष्टीनं आमची एक मीटिंग गेली आहे. मी साताऱ्याच्या एका पोराला शीटमधून निमंत्रण पाठवलं, "बुधवार, ००:३०". तो तेव्हा आमच्याकडे डाय अप्रूव्हल बघत होता. त्यानं वाचलं बुधवारी रात्री साडेबारा, बुधवारचं काम आटोपून, जेवून, रात्री बाराला लॅपटॉप उघडून बसला. मीटिंग आदल्या रात्री होऊन गेली होती. शीट बरोबर होती, मेल बरोबर होता, आणि तरी तो माणूस एक पूर्ण दिवस चुकला. त्याची चूक मी मानत नाही. तेव्हापासून रात्री बारा ते पहाटे पाच यांमधली वेळ मी "मंगळवार १० मार्चची रात्र संपताना, म्हणजे बुधवार ११ मार्च, ००:३०" अशी दोन्ही वारांसकट लिहितो. लांबलचक वाटेल, पण त्यानंतर कोणी चुकलं नाही.

म्हणूनच तारीख किती सरकली हे वेगळ्या कॉलममध्ये दिसायला हवं. D2 आणि E2 मध्ये:

```
=INT(C2)-INT(A2)
=CHOOSE(D2+2,"आदला दिवस","तोच दिवस","दुसरा दिवस")
```

INT पूर्णांक देतो, म्हणजे निव्वळ तारीख. दोन तारखांची वजाबाकी उणे एक, शून्य किंवा एक येते. एक टोक भारतात असेल तर यापलीकडे जात नाही, कारण आपल्यापासून जगातल्या कुठल्याही ठिकाणाचा फरक चोवीस तासांपेक्षा कमीच आहे.

इथे एक खाचखळगा आहे, तो नेमका मध्यरात्रीवर. संगणक 1/24 सारखे अपूर्णांक नेमके साठवू शकत नाही, अगदी शेवटच्या स्थानावर कणभर कमी-जास्त होतं. एरवी हा फरक एका सेकंदाच्या दशलक्षांशाइतकाही नसतो आणि कोणाला दिसत नाही. पण उत्तर बरोबर मध्यरात्र असायला हवं तिथे `46091` ऐवजी `46090.99999999999` येऊ शकतं. डोळ्यांना ते १० मार्च ००:०० असंच दिसेल, पण INT मात्र त्याला ९ मार्च म्हणू शकतो. खालपर्यंत 1/24 मिळवत मिळवत तासांची यादी केली असेल तर हे कण साठत जातात आणि धोका वाढतो. उपाय सोपा आहे. उत्तर मिनिटांत आणून पूर्ण करा आणि परत दिवसांत न्या. दिवसात १४४० मिनिटं, म्हणून C2 चं शेवटचं रूप:

```
=ROUND((A2+(B2-5.5)/24)*1440,0)/1440
```

मीटिंग कधीच सेकंदांवर ठरत नाही, त्यामुळे यात काही गमावत नाही.

A2 भरताना तारीख खरोखर तारीख म्हणून बसली आहे ना, तेही बघा. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर 10/03/2026 ही ३ ऑक्टोबर होते, आणि 25/03/2026 हा महिनाच न सापडल्यामुळे निव्वळ मजकूर होऊन सेलच्या डाव्या बाजूला चिकटतो. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजा, उजवीकडच्याही बहुधा चुकीच्या आहेत. शंका असेल तिथे मी सरळ असं लिहितो:

```
=DATE(2026,3,10)+TIME(7,30,0)
```

TIME इथे ठीक आहे. फरकासाठी मात्र तो वापरू नका. TIME ला एकूण उणे वेळ चालत नाही, `#NUM!` देतो, आणि चोवीसच्या वरचे तास तो MOD सारखेच कापून टाकतो, म्हणजे पुन्हा दिवस हरवला.

शीट तयार झाली की डेट्रॉइटसाठी चार वेळा टाकून बघा. १० मार्च २०२६ ला सकाळी ९:२९ टाकल्यावर ९ मार्च २३:५९ आणि "आदला दिवस" यायला हवं. ९:३० टाकल्यावर १० मार्च ००:०० आणि "तोच दिवस". इथे "आदला दिवस" आलं तर ROUND राहिला आहे. १ एप्रिलला सकाळी ७:३० टाका, ३१ मार्च २२:०० यायला हवं. आणि १ जानेवारी २०२७ ला सकाळी ७:३० टाका, ३१ डिसेंबर २०२६ चे २१:०० यायला हवेत, बावीस नव्हे. बावीस आले तर कोष्टकातली नोव्हेंबरची ओळ लागू होत नाहीये.

या चाचणीतूनच तोंडपाठ करण्यासारखी खूण मिळते. उन्हाळ्यात आपल्या सकाळी साडेनऊच्या आत आणि हिवाळ्यात साडेदहाच्या आत डेट्रॉइटमध्ये अजून कालचाच दिवस चालू असतो. तुमची साडेसातची मीटिंग दोन्ही ऋतूंत या रेषेच्या अलीकडे आहे, म्हणजे ती त्यांच्यासाठी कायम सोमवारचीच. पुढचं निमंत्रण "मंगळवार सकाळी ७:३० नाशिक, सोमवार रात्री १०:०० डेट्रॉइट" असं दोन्ही वार आणि दोन्ही तारखा घालून पाठवा, आणि १ नोव्हेंबरनंतर त्यातल्या दहाचे नऊ करा.